घर ठरवण्याआधी चौक मोजले

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी मे महिन्याच्या अखेरीस रुजू झालो, तेव्हा राहायला पंचवटीत मामांकडे होतो. दोन महिन्यांत भाड्याचे घर शोधायचे आणि मग पत्नीसह तिथे जायचे, असे ठरले होते. पहिल्याच रविवारी मामांनी विचारले, "कंपनीपासून किती लांब घर चालेल तुला?" मी म्हणालो, "मामा, किलोमीटरचे काही नाही, अर्ध्या तासात पोहोचलो म्हणजे झाले." त्यावर मामा हसले आणि म्हणाले, "कोणत्या अर्ध्या तासात, ते आधी ठरव." त्या वेळी मला तो विनोद वाटला होता. पुढचे सात आठवडे मी एका शंभर पानी वहीत जे लिहीत गेलो, ते सगळे या एका वाक्याचे उत्तर होते.

आमच्या कामाच्या वेळा आधी सांगायला हव्यात, कारण मोजणी त्यांच्यावरच आधारलेली होती. महिन्यातले साधारण दोन आठवडे मी जनरल शिफ्टला, म्हणजे सकाळी ९ ते सायंकाळी ५:३० असतो. एक आठवडा पहिली पाळी असते, ती सकाळी ७ वाजता सुरू होते, आणि एक आठवडा दुसरी पाळी असते, जी रात्री १२ वाजता सुटते. आमची साप्ताहिक सुटी शनिवारी असते आणि रविवारी काम चालू असते. उशिराचा नियम असा आहे की महिन्यात दोन वेळा उशीर झाला तर कोणी काही म्हणत नाही, पण तिसऱ्या वेळी अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. हा नियम जाचक आहे की नाही, हा वेगळा विषय आहे. मात्र मोजणीसाठी त्याचा मला फार उपयोग झाला. तो कसा, ते पुढे येईलच.

एजंटाने तीन घरे दाखवली. पहिले वडाळा-पाथर्डी रस्त्यावर, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे होते आणि कारखान्याच्या फाटकापासून जेमतेम पाच किलोमीटरवर होते. दुसरे गंगापूर रोडला आनंदवल्लीच्या बाजूला, सुमारे नऊ किलोमीटरवर, सात मजली इमारतीत सातव्या मजल्यावर होते. तिसरे नाशिकरोडला जेल रोडवर, अकरा किलोमीटरवरचे छोटे रो-हाऊस होते आणि त्याचे भाडे तिन्हींत कमी होते. तिन्ही घरे आम्ही एकाच शनिवारी दुपारी पाहिली. पाथर्डीच्या घरातून एजंटाने मला स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून कारखान्याच्या फाटकापर्यंत नेले आणि घड्याळ दाखवत सांगितले, "बघा साहेब, नऊ मिनिटं." नऊ मिनिटे हे खरेच होते. पण तो शनिवार होता, फाटक बंद होते, आसपासचे बहुतेक कारखानेही बंद होते आणि घड्याळात दुपारचा दीड वाजला होता. एजंट खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त मी कधीच प्रवास करणार नाही अशा वेळी प्रवास करून दाखवला होता.

म्हणून मी आधी काय मोजायचे ते ठरवले. नकाशाचे ॲप जो वेळ दाखवते तो रस्त्यावरचा वेळ असतो. मला हवा होता तो घराच्या दाराला कुलूप लावल्यापासून हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवेपर्यंतचा वेळ. त्यात जिना किंवा लिफ्ट, गाडी बाहेर काढणे, कारखान्यात दुचाकीच्या स्टँडवर जागा शोधणे, हेल्मेट अडकवणे आणि तिथून यंत्रापर्यंत चालत जाणे हे सगळे येते. कारखान्याच्या बाजूचा हा भाग मी पाच वेळा मोजला, तो दर वेळी पाच मिनिटांच्या आसपास आला. घराच्या बाजूचा भाग मात्र घराप्रमाणे बदलत होता. रो-हाऊसमध्ये एक मिनिट, पाथर्डीच्या तिसऱ्या मजल्यावरून दोन मिनिटे, आणि आनंदवल्लीच्या सातव्या मजल्यावरून चक्क पाच. तिथे लिफ्ट एकच होती आणि सकाळी सव्वाआठनंतर मुलांची दप्तरे, दूधवाला आणि ऑफिसला निघालेली माणसे अशी सगळी तिच्यासाठी थांबलेली असायची. तिथल्या रखवालदाराला मी काय करतोय ते सांगितले, तेव्हा त्याने मला दोन सकाळी घरमालकासोबत वर-खाली करू दिले. घर भाड्याने घेण्याआधी लिफ्टला घड्याळ लावणारा मी त्याला पहिलाच भेटलो असणार.

रस्त्यावरच्या वेळेसाठी एक सोपी गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे नकाशात सुरुवातीचे ठिकाण म्हणून कोणतेही घर देता येते आणि त्यासाठी तिथे असण्याची गरज नसते. सकाळी साडेआठला मी स्वतः गाडीवर असायचो, त्यामुळे हे काम पत्नीने घेतले. मामांच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी वही ठेवलेली असायची. ती सोमवार ते शुक्रवार सकाळी ८:००, ८:१५, ८:३० आणि ८:४५ ला फोनवर तिन्ही घरांपासून कारखान्यापर्यंतचा दुचाकीचा वेळ पाहायची आणि लिहायची. एका वेळच्या तीन नोंदींना मिनिटभरसुद्धा लागत नसे. सायंकाळी ५:३०, ६:०० आणि ६:३० च्या उलट्या दिशेच्या नोंदी मी करायचो. त्या वेळी फोनमधला आकडा त्या क्षणी रस्त्यावर असलेली गर्दी धरून काढलेला असतो, म्हणून तो त्या दिवसाची खरी साक्ष ठरतो. याउलट संगणकावर "Depart at" किंवा "Arrive by" निवडून पुढची तारीख आणि वेळ दिली, की मोटारीसाठी एक ठाम आकडा न देता "इतक्यापासून इतक्या मिनिटांपर्यंत" असा पल्ला दाखवला जातो. तो मागच्या सवयीवरून काढलेला अंदाज असतो. घरे पाहण्याआधी कोणते घर यादीतून लगेच वगळावे हे समजण्यासाठी तो पुरेसा आहे, पण त्यातला खालचा आकडा वाचून खूश होण्यात अर्थ नाही. त्याचा वरचा आकडाच वाचावा.

पहिला आठवडा मोजून झाला आणि आकडे इतके चांगले आले की आम्ही पाथर्डीच्या घराची अनामत द्यायला निघालो होतो. तेवढ्यात मामींनी कॅलेंडरकडे बोट दाखवले. जूनचा पहिला आठवडा होता आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडणार होत्या. स्कूल व्हॅन, रिक्षा, मुलांना सोडायला निघालेले पालक यांपैकी काहीच रस्त्यावर नव्हते. तो आठवडा वहीत आहे, पण त्यावर तिरपी रेघ मारलेली आहे. शाळा उघडल्यानंतर तीन-चार दिवस जाऊ दिले आणि मग दहा कामाचे दिवस नव्याने मोजले. रविवारचे आकडेही वेगळे ठेवले. त्या दिवशी आमचा कारखाना चालू असतो पण शाळा बंद असतात, त्यामुळे तिन्ही घरांपासून चार ते आठ मिनिटे कमी लागत. ते आकडे बाकीच्यांत मिसळले असते, तर सगळीच घरे आहेत त्याहून जवळची वाटली असती.

सकाळी ८:३० ला निघण्याच्या दहा दिवसांच्या नोंदी अशा आल्या. पाथर्डीहून १४, १५, १४, १७, १६, १५, २६, १५, १६ आणि २४ मिनिटे. आनंदवल्लीहून २५, २६, २५, २७, २६, २६, २९, २७, २७ आणि २८. जेल रोडहून ३४, ३६, ३५, ३७, ३८, ३५, ५२, ३९, ४१ आणि ४४. सातव्या आणि दहाव्या दिवशी सकाळी चांगला पाऊस झाला होता.

आपण सगळे सवयीने सरासरी काढतो, तशी मीही काढली. पाथर्डी १७, आनंदवल्ली साडेसव्वीस, जेल रोड ३९. पण पाथर्डीहून "सतरा मिनिटे" एकाच दिवशी लागली होती. सात दिवस त्याहून कमी लागली आणि दोन दिवस खूपच जास्त. हजेरीचे यंत्र सरासरी ओळखत नाही, ते फक्त त्या दिवशीचे मिनिट ओळखते. इथे आमचा उशिराचा नियम कामाला आला. महिन्याचे सुमारे पंचवीस कामाचे दिवस धरले आणि त्यांत दोन उशीर माफ असले, तर साधारण दहा दिवसांत एकदा उशीर झालेला मला चालणार होता. म्हणजे दहा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावून सर्वांत मोठा सोडून द्यायचा आणि त्याच्या खालचा घ्यायचा. तेवढा वेळ हाताशी ठेवून निघालो, की दहापैकी नऊ दिवस वेळेत पोहोचतो. पाथर्डीसाठी हा आकडा २४, आनंदवल्लीसाठी २८ आणि जेल रोडसाठी ४४ आला. ज्यांच्याकडे एकही उशीर चालत नाही त्यांनी सर्वांत मोठा आकडाच धरावा, आणि ज्यांना यायच्या वेळेचे बंधन नाही त्यांना मधला आकडाही पुरेल. आपला नियम काय आहे त्यावरून कोणता आकडा वाचायचा हे ठरते.

आता यात दाराची आणि फाटकाची मिनिटे मिळवली. पाथर्डी ३१ मिनिटे, आनंदवल्ली ३८, जेल रोड ५०. सरासरीत पाथर्डी आणि आनंदवल्ली यांच्यात साडेनऊ मिनिटांचा फरक होता, आणि त्यात लिफ्टची जादा मिनिटे धरलेलीच नव्हती. ती धरूनही आता फरक सातच मिनिटांचा उरला, त्यातली तीन मिनिटे तर लिफ्टचीच होती. म्हणजे निव्वळ रस्त्यावर, जवळपास दुप्पट लांबच्या घरापासून फक्त चार मिनिटे जास्त लागत होती.

इथे एक चूक होता होता राहिली. जेल रोडहून ५० मिनिटे लागणार असतील तर नऊला पोहोचण्यासाठी ८:१० ला निघावे लागेल, आणि मी आकडा वाचत होतो तो ८:३० ला निघण्याचा. घर लांब असले की निघण्याची वेळ मागे सरकते आणि मागे सरकली की गर्दीही बदलते. म्हणून जेल रोडसाठी ८:१५ ची ओळ वाचली. तिथे दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा ४१ होता, म्हणजे दारापासून ४७ मिनिटे, निघायची वेळ ८:१३. ओळ आणि निघायची वेळ अशी एकमेकांशी जुळेपर्यंत मागेपुढे करावे लागते. उलट ८:४५ ला निघालो असतो तर त्याच रस्त्याला ४९ मिनिटे लागली असती. अर्ध्या तासाच्या आतच आठ मिनिटांचा फरक पडत होता.

कागदावर हे चालू असतानाच मी स्वतः जाऊनही पाहायचे ठरवले. प्रत्येक घरापासून चार वेळा, वेगवेगळ्या वारी. मामांच्या घरून लवकर निघून आधी त्या त्या इमारतीखाली जायचे, फोनमधले स्टॉपवॉच सुरू करायचे आणि वाटेतल्या ठरलेल्या खुणांपाशी लॅपचे बटण दाबायचे. हातमोजे घालून हे जमत नाही, हे पहिल्याच सिग्नलला कळले. मग फोन खिशात ठेवून खूण आली की गाडी कडेला घ्यायचो, बटण दाबायचो आणि पुढे निघायचो. त्यात जाणारे सात-आठ सेकंद मी धरले नाहीत.

हे लॅप घेतले नसते, तर मला घर मिळाले असते पण जागा कळली नसती. पाथर्डीच्या घरापासून एका साध्या, कोरड्या बुधवारी एकूण १६ मिनिटे लागली. त्यातली पाच मिनिटे फाट्यापर्यंत पोहोचायला, तीन मिनिटे पाथर्डी फाट्यावर मुंबई-आग्रा महामार्गाच्या पलीकडे जायला, आणि आठ मिनिटे गरवारे पॉइंटवरून वसाहतीत शिरून फाटकापर्यंत. ज्या दिवशी पत्नीच्या वहीत २६ लिहिले गेले, योगायोगाने त्याच दिवशी मी त्या रस्त्यावर होतो. फाट्यापर्यंत सहा मिनिटे. पलीकडे गेल्यावर फाटकापर्यंत नऊ. आणि मधली ती तीन मिनिटांची जागा त्या दिवशी अकरा मिनिटांची झाली होती. माझ्या पुढे कामगारांची बस होती, तिच्या शेजारी लोखंडाच्या पट्ट्या भरलेला ट्रक. रेनकोट घातलेले दुचाकीवाले त्या दोघांच्या मधून वाट काढत पुढे जात होते आणि तिथेच अडकत होते. बाकी रस्ता रोजच्यासारखाच होता. म्हणजे सगळा उशीर पाच किलोमीटरपैकी दोन-तीनशे मीटरमध्ये साठलेला होता.

मग मी जेल रोडचे लॅप याच नजरेने पाहिले. तिथून यायला दोन वाटा आहेत. एक पुणे रोडने द्वारका चौकात येऊन मुंबई नाक्यावरून महामार्गाने अंबडकडे, आणि दुसरी आतून वडाळा गावाच्या बाजूने पाथर्डी फाट्याकडे. पहिल्या वाटेवर द्वारका ते मुंबई नाका या तुकड्याला एका दिवशी नऊ आणि दुसऱ्या दिवशी एकोणीस मिनिटे लागली. दुसऱ्या वाटेने द्वारका टळते खरी, पण ती वाट शेवटी त्याच पाथर्डी फाट्यावर येते जिथे मी पावसात अकरा मिनिटे उभा होतो. कोणत्याही वाटेने आले तरी महामार्गाच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणे सुटत नाही. शहराच्या बाजूला इंदिरानगर आणि राणेनगरचे बोगदे आहेत, पण सकाळी तिथे काय चालते हे नाशिककरांना सांगायला नको.

आनंदवल्लीचे घर मात्र महामार्गाच्या पश्चिमेला, कारखान्याच्याच बाजूला होते, आणि तिथून येताना सकाळचे आकडे २५ ते २९ च्या मध्येच राहत होते. ते घर नऊ किलोमीटर लांब होते, वाटेत त्र्यंबक रोड ओलांडावा लागत होता, सातपूरची वसाहत लागत होती, तरीही पावसाच्या दिवशी तीनच मिनिटे वाढली होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की मी तीन घरांची तुलना करत नसून, एका महामार्गाच्या दोन बाजूंची तुलना करत होतो.

सायंकाळच्या नोंदींनी मात्र आनंदवल्लीची बाजू पाडली. ५:३० ला आमच्याबरोबर सातपूरचेही कारखाने सुटतात. सकाळी निरनिराळ्या वेळांना येणारी माणसे सायंकाळी एकदम बाहेर पडतात, त्यामुळे त्याच रस्त्याला ३६ मिनिटे लागू लागली आणि एका शुक्रवारी ४३. पाथर्डीचा मधला आकडाही सायंकाळी २७ वर गेला होता. त्यातही अर्धा तास थांबून ६ वाजता निघालो तर पाथर्डी १९ वर येत असे, आनंदवल्ली मात्र ३२ च्या खाली येत नसे, कारण तोपर्यंत बाजारात निघालेली माणसे रस्त्यावर आलेली असत. जाताना आणि येताना एकच आकडा धरणाऱ्यांची इथे फसगत होते.

पाळ्यांचे आठवडे लवकर आटोपले. पहिल्या पाळीला सकाळी साडेसहाला जेल रोडहूनसुद्धा २४ मिनिटांत पोहोचता येत होते आणि तिन्ही घरांत म्हणावा तसा फरक उरत नव्हता. रात्री १२ नंतर तर वेळ हा मुद्दाच नव्हता. तिथे मी दिवे आणि कुत्री पाहिली. वडाळ्याच्या आतल्या रस्त्यावर एका वळणावर सात-आठ कुत्री गाडीमागे लागली, तेव्हा नकाशातली एकवीस मिनिटे मी सतरात पार केली. तो आकडा वहीत धरलेला नाही.

आता घराचा शोध वेगळ्या पद्धतीने सुरू झाला. मी एजंटाला फोन करून सांगितले की मला महामार्ग ओलांडायचा नाही आणि त्र्यंबक रोडही ओलांडायचा नाही. या दोन रेघांच्या आत, अंबडच्या बाजूला जे मिळेल ते दाखवा. तो म्हणाला, "साहेब, मग सरळ सिडको म्हणा ना." सिडकोचे नाव आधी आम्हीच टाळले होते, कारण गल्ल्या अरुंद आहेत आणि गाड्या उभ्या करायला जागा नसते असे ऐकले होते. ते खोटेही नाही. उत्तमनगरच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरचे एक घर मिळाले, चार किलोमीटरवर, अंबड लिंक रोडवरून एक्स्लो पॉइंटला येऊन वसाहतीत शिरणारा रस्ता. भाडे जेल रोडपेक्षा दीड हजाराने जास्त होते. पण जाऊन-येऊन चौदा किलोमीटर कमी होत होते, म्हणजे महिन्याला साडेतीनशे किलोमीटर, आणि माझ्या गाडीला तेवढ्यासाठी आठ लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. जास्तीच्या भाड्यातला बराचसा भाग तिथेच वसूल होत होता.

या चौथ्या घरासाठी पुन्हा दहा दिवस मोजले. मात्र हे दहा दिवस जुलैतले होते आणि आधीचे जूनमधले, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करणे बरोबर नव्हते. पाऊस वाढला होता आणि शाळा रुळल्या होत्या. म्हणून त्याच दिवशी, त्याच मिनिटाला पाथर्डीची नोंदही मापदंड म्हणून पुन्हा घेतली. पाथर्डी पुन्हा १४ ते २५ च्या मध्ये हेलकावत राहिली. उत्तमनगरचे आकडे १२, १३, १२, १४, १३, १२, १५, १३, १६ आणि १३ असे आले. दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा १५, त्यात जिन्याची दोन आणि फाटकाची पाच मिनिटे मिळवून २२. म्हणजे ८:३८ ला कुलूप लावले की दहापैकी नऊ दिवस नऊच्या आत बोट यंत्रावर. पाथर्डीपेक्षा अंतर एकाच किलोमीटरने कमी होते, आणि घरून निघायची वेळ नऊ मिनिटांनी पुढे गेली.

सायंकाळी एक अडचण निघाली, तीही लॅपमुळेच कळली. साडेसहानंतर पवननगरच्या भाजीबाजाराजवळून आलो तर शेवटच्या सातशे-आठशे मीटरला पाच मिनिटे जादा लागतात. हातगाड्या, पिशव्या लटकवलेल्या स्कूटर आणि रस्त्यातच गाडी थांबवून मेथीची जुडी पारखणारी माणसे हा रोजचा कार्यक्रम आहे. बाजार टाळणारी मागची गल्ली सापडली, तिथून १४ मिनिटांत घर येते. पत्नीचे मत मात्र असे पडले की मी बाजारातूनच यावे आणि येताना भाजी आणावी. त्यामुळे ती पाच मिनिटे प्रवासात धरायची की घरकामात, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी सामान हलवले. पहिले दहा दिवस मी वही चालू ठेवली, कारण नकाशाचा आकडा आणि माझे प्रत्यक्ष चालवणे यांत किती फरक पडतो हे नव्या घरातूनही पाहायचे होते. मी नकाशापेक्षा सरासरी दोन मिनिटे हळू निघालो. मोटारसायकल बावीस वर्षांची असल्याचा हा परिणाम असावा किंवा माझा स्वभाव. ती दोन मिनिटे मिळवून आता ८:३६ ला निघतो. वहीतली शेवटची नोंद गणेशोत्सवातली आहे. आमच्या गल्लीच्या तोंडावर मंडळाचा मांडव पडला, निम्मा रस्ता बंद झाला, आणि तिथे लिहिले आहे: मांडव ते मुख्य रस्ता, रोजचे एक मिनिट, आज पाच, अनंत चतुर्दशीपर्यंत ८:३२.